लॉगरची घड्याळे जुळत नाहीत: ओढ्याच्या पुराचा प्रवासवेळ दर महिन्याला वाढत का दिसतो?

लक्षण असे दिसते. एकाच ओढ्यावर सुमारे 1.8 किलोमीटर अंतराने दोन पाणीपातळी लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रे, बसवलेले आहेत आणि पुराची लाट वरच्या ठाण्यापासून खालच्या ठाण्यापर्यंत किती वेळात पोहोचते, हे मोजायचे आहे. जून महिन्यातल्या पुराला सुमारे 21 मिनिटे लागतात, ऑगस्टमध्ये जवळपास 23 आणि सप्टेंबरअखेर 25 मिनिटांहून अधिक. तिन्ही पूर साधारण सारख्याच उंचीचे निवडलेले असतात, त्यामुळे पाण्याच्या खोलीने हा फरक पडला असे म्हणता येत नाही. अशा वेळी मनात येणारे स्पष्टीकरण फार मोहक असते: पावसाळ्यात काठावर आणि पात्रात गवत माजले, घर्षण वाढले, लाट मंदावली. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका ओढ्याच्या आमच्या नोंदींवर मीही हेच स्पष्टीकरण लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात गवताचा त्यात काहीही हात नव्हता. वरच्या लॉगरचे घड्याळ मागे पडत होते, खालच्याचे पुढे पळत होते आणि दोन्हींच्या फरकाला मी निसर्गाची प्रक्रिया समजत होतो.

ही अडचण दर हंगामात नव्याने येते, कारण ती लॉगरच्या बिघाडामुळे निर्माण होत नाही. बहुतेक लॉगरमधील घड्याळ सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते आणि साध्या स्फटिकाची अचूकता दशलक्षात 20 भाग इतकी असते. ऐकायला ही चूक नगण्य वाटते, पण दशलक्षात एक भाग म्हणजे दिवसाला 0.0864 सेकंद, म्हणून 20 भाग म्हणजे दिवसाला सुमारे 1.7 सेकंद आणि महिन्याला सुमारे 52 सेकंद. एक लॉगर या मर्यादेच्या एका टोकाला आणि दुसरा विरुद्ध टोकाला असेल, तर दोघेही आपापल्या माहितीपत्रकाप्रमाणे निर्दोष असूनही चार महिन्यांत त्यांच्यात जवळपास सात मिनिटांचे अंतर पडू शकते. वीस मिनिटांची गोष्ट मोजणाऱ्या प्रयोगाला एवढे अंतर परवडत नाही.

आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोन लॉगरच्या वेळांमधील फरक दिनांकानुसार आलेखावर मांडावा, कारण त्या आलेखाचा आकारच बरेच काही सांगून जातो. फरक सरळ, तिरकी रेघ दाखवत असेल तर घड्याळ सरकते आहे, म्हणजेच ड्रिफ्ट आहे. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल तर लॉगर सुरू करतानाच घड्याळ चुकीचे लावले गेले आहे, किंवा एक लॉगर दोन मिनिटांची सरासरी साठवून तिच्यावर त्या दोन मिनिटांच्या शेवटची वेळ लिहितो आणि दुसरा त्या क्षणाचे एकच वाचन लिहितो. फरकात मध्येच पायरी दिसत असेल तर बॅटरी बदलताना घड्याळ पुन्हा लावले गेले, किंवा काही वाचने गळाली.

वाचने गळण्याचा प्रकार ड्रिफ्टसारखाच दिसू शकतो. काही लॉगर प्रत्येक वाचनासोबत वेळ साठवत नाहीत. ते फक्त सुरुवातीची वेळ आणि वाचनांमधील अंतर साठवतात, आणि संगणकावर फाइल उतरवताना प्रत्येक ओळीची वेळ हिशेबाने लिहिली जाते. अशा लॉगरची बॅटरी खचून वाचने चुकू लागली, तर त्यानंतरच्या सर्व ओळी प्रत्यक्षापेक्षा आधीच्या वेळेवर जाऊन बसतात. याची तपासणी सोपी आहे. आमच्या लॉगरमध्ये दर दोन मिनिटांनी वाचन होते, म्हणजे 120 दिवसांत 86,400 वाचने अपेक्षित होती. घड्याळ तीन मिनिटे पुढे पळाले तर एक-दोन वाचने जास्त भरतील, मागे पडले तर एक-दोन कमी भरतील. संख्या शंभर-दोनशेने कमी असेल तर तो ड्रिफ्ट नव्हे, वाचने गळली आहेत, आणि पुढे दिलेली सरळ रेघेची दुरुस्ती तिथे लावू नये.

एका चुकीला मात्र वेगळीच ओळख आहे: फरक बरोबर साडेपाच तासांचा असणे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून एक लॉगर जागतिक वेळेवर आणि दुसरा भारतीय वेळेवर सुरू झाला की हा आकडा समोर येतो. दोन पातळी लॉगरमध्ये अशी गफलत झाली तर ती लगेच डोळ्यांत भरते. वायुदाबाच्या लॉगरमध्ये झाली तर ती लपून बसते, आणि म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

पाण्यात बुडवलेला साधा दाब लॉगर पाण्याचा आणि हवेचा एकत्रित दाब मोजतो, म्हणून काठावर एक वायुदाब लॉगर ठेवून त्याचे वाचन वजा करावे लागते. उष्ण कटिबंधात वायुदाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास शिखर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास दरी. ही हालचाल सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण 1 ते 2 हेक्टोपास्कल असते आणि 1 हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याची जवळपास 1 सेंटिमीटर उंची. आता वायुदाबाची फाइल साडेपाच तास सरकलेली असेल, तर बारा तासांच्या त्या लाटेचे शिखर जवळपास नेमके दरीवर येते. वजाबाकी केल्यावर लाट नाहीशी होण्याऐवजी दुप्पट होते. दीड सेंटिमीटरच्या लाटेचे जवळपास तीन सेंटिमीटर झाले, आणि पाऊस नसलेल्या आठवड्यात बारा सेंटिमीटर खोल ओढा दिवसातून दोनदा भरती-ओहोटी दाखवू लागला, की पाण्याकडे पाहण्याऐवजी वायुदाबाच्या फाइलचा प्रमाणवेळ तपासावा. झाडांच्या पाणी शोषण्यामुळे ओढ्याची पातळी दिवसातून एकदाच खालीवर होते. दोनदा होणारी हालचाल हवेचीच असते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वायुदाबाचा लॉगर पाच मिनिटे सरकला असेल तर त्यामुळे पातळीत येणारी चूक एखाद्या मिलिमीटरच्याही आत राहते. वादळी झोताच्या वेळी दाबात अचानक होणारा बदल सोडला, तर त्या पाच मिनिटांमागे वेळ घालवण्याची गरज नाही. कोणत्या लॉगरची किती मिनिटे महत्त्वाची आहेत, हे प्रयोगाच्या प्रश्नावरून ठरते.

पुरावा नष्ट होण्याआधी टिपून घ्यावा

ड्रिफ्टची दुरुस्ती दोन आकड्यांवर उभी असते: सुरुवातीला लॉगरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे होते, आणि शेवटी किती होते. यातील दुसरा आकडाच बहुतेकांच्या हातून निसटतो. लॉगर पुन्हा सुरू करताना सोबतची प्रणाली बहुधा त्याचे घड्याळ संगणकाच्या घड्याळाशी जुळवून टाकते, आणि चार महिन्यांत साचलेला फरक एका क्षणात पुसला जातो. म्हणून जोडणी केल्यावर पहिले काम लॉगरच्या स्थितीदर्शक पडद्यावरील चालू वेळ टिपण्याचे आहे. नोंदी उतरवणे, थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे ही सगळी कामे त्यानंतर. लॉगरची वेळ आणि खरी वेळ एकाच छायाचित्रात येतील असा फोटो काढणे सर्वांत भरवशाचे, कारण भर पावसात वहीत लिहिलेले सेकंद नंतर कोणालाच वाचता येत नाहीत.

खरी वेळ कुठून घ्यावी, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. रानात नेलेला लॅपटॉप कित्येक दिवस इंटरनेटविना असतो आणि त्याचेही घड्याळ तसल्याच स्फटिकावर चालते. त्यामुळे निघण्याच्या दिवशी त्याचे घड्याळ तपासून घ्यावे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते आणि तिचा वेळ-सर्व्हर सर्वांना खुला आहे. विंडोजवर पुढील आज्ञा दिली की लॅपटॉपचा फरक सेकंदांत दिसतो:

```
w32tm /stripchart /computer:time.nplindia.org /samples:5 /dataonly
```

रानात जीपीएस यंत्र उपयोगी पडते, पण ते सुरू करताच दिसणारी वेळ टिपू नये. उपग्रहांची स्वतःची वेळ 2017 पासून जागतिक समन्वित वेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहाच्या संदेशातून मिळेपर्यंत काही यंत्रे तो न वजा करताच वेळ दाखवू शकतात, आणि पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटे लागतात. यंत्र मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटे ठेवून मग वाचन घेतले की ही शंका उरत नाही.

उदाहरण: दोन लॉगर, 120 दिवस

आमच्या ओढ्यावरील वरच्या लॉगरला अ आणि खालच्याला ब म्हणू. दोन्ही 5 जून रोजी सकाळी 10 वाजता तपासले आणि 3 ऑक्टोबर रोजी सकाळी 10 वाजता पुन्हा तपासले. लॉगरची वेळ वजा खरी वेळ, असा फरक घेतला, म्हणजे अधिक चिन्ह असेल तर घड्याळ पुढे आणि उणे असेल तर मागे. चिन्हाचा हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. दुरुस्ती उलट्या दिशेने लावून चूक दुप्पट करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांत मीही आहे.

अ चा फरक सुरुवातीला +1 सेकंद होता, शेवटी −155. म्हणजे ते घड्याळ दिवसाला 1.3 सेकंद मागे पडत होते, दशलक्षात साधारण 15 भाग. ब चा फरक सुरुवातीला −2 आणि शेवटी +178, म्हणजे दिवसाला 1.5 सेकंद पुढे, दशलक्षात साधारण 17 भाग. दोन्ही घड्याळे माहितीपत्रकाच्या मर्यादेत होती. पण वरचे मागे आणि खालचे पुढे असल्यामुळे दोघांच्या चुका प्रवासवेळात एकाच दिशेने साचत गेल्या, आणि हंगामाच्या शेवटी तो 5 मिनिटे 33 सेकंद जास्त दिसू लागला.

मधल्या कोणत्याही क्षणाचा फरक सरळ रेघेने काढता येतो:

```
d(t) = d0 + (d1 - d0) * (t - t0) / (t1 - t0)
t_true = t - d(t)
```

4 ऑगस्टच्या पुराचे उदाहरण घेऊ, कारण तो नेमका साठाव्या दिवशी आला आणि हिशेब तोंडी करता येतो. पातळी पायापासून शिखरापर्यंतच्या निम्म्या उंचीला ज्या क्षणी पोहोचली, तो क्षण आम्ही लाटेच्या आगमनाचा मानला. शिखर सपाट असते आणि दोन मिनिटांच्या वाचनांत ते अचूक सापडत नाही. चढत्या बाजूचा मध्य मात्र दोन वाचनांच्या दरम्यान रेघ ओढून दहा-वीस सेकंदांपर्यंत काढता येतो. अ च्या घड्याळाप्रमाणे तो क्षण 14:36:10 होता आणि ब च्या घड्याळाप्रमाणे 14:59:05, म्हणजे दिसणारा प्रवासवेळ 22 मिनिटे 55 सेकंद. साठाव्या दिवशी अ चा फरक −77 आणि ब चा +88 सेकंद येतो. उणे फरक वजा करायचा म्हणून अ ची खरी वेळ 14:37:27 झाली, ब ची 14:57:37, आणि खरा प्रवासवेळ 20 मिनिटे 10 सेकंद.

हीच दुरुस्ती 22 जूनच्या पुराला लावली तेव्हा 20 मिनिटे 50 सेकंदांचे सुमारे 20 मिनिटे 5 सेकंद झाले. 24 सप्टेंबरच्या पुराचे 25 मिनिटे 12 सेकंद होते, त्यांचेही सुमारे 20 मिनिटे 4 सेकंद झाले. गवताचा परिणाम दाखवणारी ती वाढ पूर्ण नाहीशी झाली. गवत माजलेले होतेच, पण त्या उंचीच्या पुराला त्याने आम्हाला मोजता येईल इतके अडवले नव्हते.

संपूर्ण फाइलसाठी हेच काम पायथनमध्ये असे होते:

```python
import numpy as np
import pandas as pd

b = pd.read_csv("b_raw.csv", parse_dates=["time"])
# तपासणीच्या क्षणी लॉगरने दाखवलेली वेळ
k = pd.to_datetime(["2024-06-05 09:59:58", "2024-10-03 10:02:58"])
d = np.array([-2.0, 178.0])   # लॉगर वजा खरी वेळ, सेकंद
x = (b["time"] - k[0]).dt.total_seconds()
xk = (k - k[0]).total_seconds()
b["t_true"] = b["time"] - pd.to_timedelta(np.interp(x, xk, d), unit="s")
```

मूळ वेळेचा स्तंभ येथे जाणूनबुजून तसाच ठेवला आहे. दुरुस्त वेळ नेहमी वेगळ्या स्तंभात लिहावी, म्हणजे पुढे एखादा फरक चुकीचा टिपला गेल्याचे लक्षात आले तर परत फिरता येते. `np.interp` पहिल्या तपासणीच्या आधी आणि शेवटच्या तपासणीनंतर फरक स्थिर धरते, त्यामुळे त्या मर्यादेबाहेरच्या ओळी वापरू नयेत.

दुरुस्तीनंतर वाचने 14:36:00 अशा गोल वेळेवर राहत नाहीत. ती जवळच्या मिनिटावर गोल केली तर कष्टाने मिळवलेली अचूकता हातची जाते. सर्व लॉगरची वाचने एका समान वेळापत्रकावर आणायची असतील तर पातळी किंवा तापमान दोन वाचनांच्या दरम्यान रेघ ओढून त्या वेळेपुरते काढावे. पर्जन्यमापकाला हे चालत नाही. त्यात पावसाने भरून बकेट कलंडण्याचा प्रत्येक क्षण ही स्वतंत्र घटना असते. आधी त्या क्षणाची वेळ दुरुस्त करावी आणि मग ठरावीक कालखंडात बकेट किती वेळा कलंडली ते मोजावे. आधी मोजून मग सरकवले तर पाऊस चुकीच्या कालखंडात पडतो.

सरळ रेघ कुठवर चालते

दोन टोकांमध्ये ड्रिफ्ट एकसारखा होता, हे आपण गृहीत धरतो. स्फटिक साधारण 25 अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने कंप पावतो आणि तापमान त्याहून वर किंवा खाली गेले तरी मंदावतो. घट फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात होते, दर अंश-वर्गाला दशलक्षात सुमारे 0.034 भाग. पावसाळी ओढ्याच्या पाण्यात तापमान फारसे हलत नाही, म्हणून तिथे सरळ रेघ निर्धास्तपणे वापरता येते. आम्ही 2 ऑगस्टला मधली तपासणी केली होती. रेघेप्रमाणे अ चा फरक −74 यायला हवा होता, प्रत्यक्षात −77 आला. ब चा +85 ऐवजी +84 आला. दोन मिनिटांच्या वाचनांपुढे हे तीन सेकंद सोडून देण्यासारखे आहेत.

पत्र्याच्या छपरावरील पर्जन्यमापकाची गोष्ट निराळी आहे. तो आम्ही एप्रिलमध्येच बसवला होता आणि मे महिन्याच्या उन्हात त्याच्या पेटीचे तापमान दुपारी 50 अंशांपर्यंत जात असे. त्या तापमानाला घड्याळ दशलक्षात 21 भाग जास्त मंदावते. दिवसातले आठ तास असे गेले तर दीड महिन्यात अर्ध्या मिनिटाच्या आसपास जादा चूक साचते, आणि पाऊस सुरू झाल्यावर ती वाढणे थांबते. म्हणजे फरकाची रेघ जूनच्या सुरुवातीला मोडते. एप्रिल ते ऑक्टोबर अशी एकच सरळ रेघ ओढली, तर त्या मोडीपाशी सुमारे 20 सेकंदांची चूक राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक तपासणी केली की ती चूक जाते. वरच्या कोडमध्ये `k` आणि `d` मध्ये तिसरा आकडा जोडणे एवढेच काम असते. पाऊस आणि पूर यांमधील वीस-तीस मिनिटांच्या अंतरासाठी हे 20 सेकंद मी मोजत बसणार नाही. कंपने किंवा आवाज यांच्या नोंदी जुळवायच्या असतील तर मात्र ही संपूर्ण पद्धतच अपुरी आहे. तिथे प्रत्येक लॉगरला उपग्रहाकडून दर सेकंदाला येणारा ठोका लागतो.

शेवटची तपासणी राहून गेली असेल तर

बॅटरी मरते, किंवा कोणी उत्साहाने लॉगर आधीच पुन्हा सुरू करून ठेवतो, आणि शेवटचा आकडा मिळत नाही. अशा वेळी सर्व लॉगरनी एकाच क्षणी अनुभवलेली घटना शोधावी लागते. काढताना सर्व लॉगर एकाच बादलीत एकदम बुडवून एकदम बाहेर काढले असतील, तर ती दाबाची पायरी उत्तम खूण ठरते. तापमानाच्या लॉगरसाठी बर्फाचे पाणी तेच काम करते, आणि दर दोन मिनिटांच्या वाचनांतून ती पायरी साधारण मिनिटभराच्या अचूकतेने सापडते. त्याआधी वाचनांमधील अंतर पाच सेकंदांवर आणता आले तर आणखी चांगले, पण त्यासाठी लॉगर पुन्हा सुरू करावा लागत असेल तर तो मोह टाळावा.

एक घटना मात्र या कामासाठी कधीही वापरू नये: खुद्द पूर. दोन्ही ठाण्यांवरील पुराचे चढाव एकमेकांवर बसवून घड्याळे जुळवली, तर जो प्रवासवेळ मोजायचा होता तोच आपण हाताने शून्य करतो, किंवा आपल्या मनातल्या आकड्याएवढा करतो. पाऊस आणि मातीतील ओलावा यांच्या आलेखांची जुळवाजुळव करतानाही हीच चूक होते आणि संगणकाने काढलेल्या सहसंबंधाच्या आकड्यामागे ती सहज झाकली जाते. शेवटची तपासणीही नाही आणि सामायिक खूणही नाही, अशा लॉगरच्या नोंदी आम्ही दिवसाच्या सरासरीसाठी ठेवतो आणि प्रवासवेळाच्या हिशेबातून वगळतो. मागील हंगामातील असा एक पूर आम्ही वगळला. तो नेमका सर्वांत मोठा होता.